बर्फ चावून खायची अनावर तलफ, आणि हिमोग्लोबिन मात्र नॉर्मल

निशिगंधा_क

हा धागा धाकट्या बहिणीसाठी काढतेय. वय ३४, नाशिकला असते, शाळेत शिक्षिका, एक मुलगी आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिला बर्फ चावून खायची इतकी तलफ येते की फ्रीजमधले दोन्ही ट्रे दुपारपर्यंत रिकामे. उन्हाळ्यात आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, पण आता नाशिकची थंडी पडलीय, अंगावर स्वेटर आणि हातात बर्फाची वाटी असं चाललंय. रात्री उठून खाते. शाळेत जाताना थर्मासमध्ये बर्फ भरून नेते. थंड पाणी दिलं तर तिचं समाधान होत नाही, तिला दाताखाली कडकड फोडायलाच पाहिजे. आणि हे तिने मला फार उशिरा सांगितलं, वर्गात ओल्या डस्टरचा आणि खडूचा वास तिला इतका हवासा वाटतो की तास संपल्यावर ती फळ्यापाशी उगाच रेंगाळते. खडू खाल्लेला नाहीये अजून, पण एकदोनदा जिभेला लावून बघितला म्हणाली.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.१ आलं, म्हणाले नॉर्मल आहे, सवय आहे ही, मनावर घेतलं तर सुटेल. ती बिचारी मनावर घेऊन घेऊन थकली. कुणाच्या घरी असं झालंय का? नक्की काय तपासायचं?

गारवेल

अंगात उष्णता वाढली असणार. सब्जा भिजवून द्या, रात्री धने-जिऱ्याचं पाणी, आणि बर्फ एकदम बंद करा, घसा धरेल आणि दातांचं इनॅमल जाईल ते वेगळंच. माझ्या पुतण्याची दाढ अशीच बर्फ फोडताना तडकली होती, रूट कॅनाल करावं लागलं.

निशिगंधा_क

गारवेल, दातांचं खरंय, तिला थंड लागलं की आता झिणझिण्या येतात. पण बंद करा म्हणून बंद होत नाहीये हाच तर प्रश्न आहे. सब्जा करून झाला.

आज्जीचा_बटवा

कॅल्शियम कमी आहे तिचं. खडू, चुना, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते म्हणजे शरीर कॅल्शियम मागतंय, आमच्याकडे पहिल्यापासून हेच सांगत आलेत. नाचणी आणि दूध वाढवा, कॅल्शियमची गोळी सुरू करा, महिन्यात फरक दिसेल.

सूक्ष्मदर्शक

निशिगंधाताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सोलापुरात लॅब आहे माझी. कृपया तो सीबीसीचा पूर्ण रिपोर्ट इथे टाका, नाव झाकून. फक्त हिमोग्लोबिन नको. मला चार आकडे पाहिजेत, आरबीसी काउंट, एमसीव्ही, एमसीएच आणि आरडीडब्ल्यू. आणि हेही विचारा की पाळीत रक्तस्राव किती जातो. "जास्त जातो का" असं विचारलं की बहुतेक बायका नाही म्हणतात कारण त्यांना तेवढंच माहीत असतं, म्हणून असं विचारा की रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का, गाठी पडतात का, किती दिवस चालतं.

बटवाताई, कॅल्शियमची गोळी आत्ता सुरू करू नका अशी कळकळीची विनंती. बर्फात कॅल्शियम नसतं तरी तिला तो हवाय, म्हणजे जे कमी आहे तेच शरीर मागतं हा हिशोब इथे लागू होत नाही. आणि लोह कमी असेल तर जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात उलट आड येतं. खडूचंही तेच, तो कॅल्शियम कार्बोनेटचा असो की जिप्समचा, त्यात लोह नाही.

निशिगंधा_क

डॉक्टर, लगेच फोन करून मागवला. आरबीसी ४.८, एमसीव्ही ७७, एमसीएच २५.२, आरडीडब्ल्यू १६.४. हिमोग्लोबिन तेच १२.१. पाळीचं विचारलं तर आधी नॉर्मल म्हणाली आणि मग हळूहळू सांगितलं की पहिले तीन दिवस रात्री दोनदा उठते, गाठी पडतात, सात दिवस चालतं. डिलिव्हरीनंतर असंच आहे म्हणे, तिला वाटलं मूल झाल्यावर सगळ्यांचं असंच होतं.

सूक्ष्मदर्शक

धन्यवाद. आता हे बघा, हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून रिपोर्टवर ते ठळक छापलेलं नाही आणि म्हणून नजर पुढे गेली. पण एमसीव्ही ७७ म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान झाल्यात (८० च्या वर असायला हवं) आणि आरडीडब्ल्यू वाढलाय म्हणजे सगळ्या एकसारख्या नाहीत, काही जुन्या बऱ्या आकाराच्या आणि काही नव्या खुरटलेल्या. लोह हळूहळू संपत जातं तेव्हा असं मिश्र चित्र दिसतं. लहान पेशींचं दुसरं मोठं कारण म्हणजे थॅलेसेमिया मायनर, तोही बघायला हवा कारण तिथे लोहाच्या गोळ्या चालू ठेवून काही उपयोग नसतो. त्यासाठी एक ढोबळ हिशोब आम्ही करतो, एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं. ७७ भागिले ४.८ म्हणजे साधारण १६. तेराच्या खाली आलं असतं तर थॅलेसेमियाकडे जास्त संशय गेला असता, इथे लोहाकडे जातो. हा अंदाज आहे, निदान नाही.

आता एकच टेस्ट करायची, सीरम फेरिटिन. शरीरात साठवलेलं लोह किती आहे ते त्यातून कळतं. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं, आधी साठा रिकामा होतो, आणि बर्फाची तलफ ही पुष्कळदा त्या मधल्या काळात सुरू होते जेव्हा साठा संपलेला असतो पण हिमोग्लोबिन अजून तग धरून असतं. म्हणून हिमोग्लोबिन बघून "सवय आहे" म्हणणं बरोबर नाही. सर्दी-ताप असेल तर बरा होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर फेरिटिन करा, तापात ते खोटं वर जातं. आणि टेस्टच्या आधी लोहाची गोळी सुरू करू नका.

जांभादगड

इंटरेस्टिंग धागा. मी चिपळूणचा. आमच्याकडे पूर्वी बायका चुलीची भाजकी माती खायच्या, माझी मोठी काकू तर जांभ्याची लाल माती पदराला बांधून ठेवायची आणि येताजाता तोंडात टाकायची. कोकणातली माती लाल आहे तीच मुळी लोहामुळे, जांभ्यात लोह ठासून भरलेलं असतं, त्यामुळे डॉक्टर बर्फाचं तुमचं पटलं पण मातीच्या बाबतीत शरीर बरोबर लोहच शोधत असणार ना? काकूला काही झालं नाही, ऐंशी वर्षं जगली.

सूक्ष्मदर्शक

जांभादगड, लाल रंग लोहाचाच आहे हे अगदी बरोबर. पण ते लोह ऑक्साइडच्या रूपात आहे, म्हणजे गंजासारखं, पाण्यात न विरघळणारं. जठरातल्या आम्लात त्यातलं फारच थोडं सुटतं, आणि लोह शोषलं जातं ते त्यापुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, तिथपर्यंत विरघळलेल्या रूपात पोचलं तरच. उलट चिकणमातीचे कण काही वेळा जेवणातलं लोह आणि जस्त स्वतःला चिकटवून घेतात आणि बाहेर नेतात. १९६० च्या दशकात तुर्कस्तानातल्या मातीवर हे मोजून बघितलं होतं, माती दिली की लोहाचं शोषण घटलं. सगळ्या माती सारख्या नसतात, जांभ्याच्या मातीचं असंच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण मातीतून लोह मिळतं असं धरून कुणी खाऊ नये.

इराणमधली शिराजची एक केस आमच्या शिक्षणात हमखास सांगतात. १९५८ साली डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर २१ वर्षांचा तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा, तीव्र अ‍ॅनिमिया, आणि तो रोज भरपूर माती खायचा. जेवण म्हणजे जवळजवळ नुसती बिनखमिराची रोटी. या अशा रुग्णांवरूनच पुढे माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे पुढे आलं. म्हणजे मातीच्या मागे कधीकधी लोह एकटं नसतं.

मृण्मयी७

मी मस्कतला असते, सातवा महिना चालू आहे. हे वाचून लिहायचं धाडस करतेय कारण हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही. मला पाटीवरची पेन्सिल लागते. भारतातून येणाऱ्यांना पुडे आणायला सांगते, त्यांना वाटतं भाचीसाठी. सुरुवातीला एखादी, आता दिवसाला बऱ्याच होतात, कुडकुड चावायची आणि ती ओली माती चढल्यासारखी चव, ती आली की डोकं शांत होतं. सासूबाईंना कळलं तर म्हणतील डोहाळे आहेत, हौस पुरवा. बाळाला काही होईल का? इथल्या डॉक्टरांना सांगायला लाज वाटते.

सूक्ष्मदर्शक

मृण्मयीताई, आधी हे की लाज वाटायचं काहीही कारण नाही, गर्भारपणात हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेक जणी तुमच्यासारख्याच लपवतात, म्हणून डॉक्टरांना कळतच नाही. पुढच्या तपासणीला स्वतःहून एकच वाक्य बोला, मी पाटीची पेन्सिल खाते आहे, माझं फेरिटिन बघा. तिथे हे नवं नाही, जगभरात खडू, माती, कच्चा स्टार्च खाणाऱ्या गर्भवती असतात.

गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या वर चालतं कारण रक्तातलं पाणी वाढतं, पण लोहाची गरज मात्र शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असते, बाळ स्वतःचा साठा करून घेत असतं. पेन्सिलीत लोह नाही. बद्धकोष्ठ होईल, आणि खनिज कुठल्या खाणीतलं, त्यात शिसं आहे का हे पुड्यावर लिहिलेलं नसतं, शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं म्हणून मला तीच काळजी जास्त आहे. डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसंही एकदा मोजून घ्या. लोहाची गोळी चालू आहे का तुमची? आणि कशाबरोबर घेता?

मृण्मयी७

चालू आहे पण मळमळतं म्हणून आठवड्यात दोन-तीनदाच होते. सकाळी नाश्त्याला चहा घेते त्याच्याबरोबरच कॅल्शियम आणि लोह दोन्ही.

सूक्ष्मदर्शक

मग गोळी पोटात जातेय पण रक्तात फार कमी पोचतेय. चहा आणि कॅल्शियम दोन्ही तिच्या वाटेत. कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर, लोह दुपारी जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी-दूध नको. मळमळत असेल तर डॉक्टर दुसरा क्षार किंवा कमी मात्रा देतील, तरी सोसलं नाही तर शेवटच्या तिमाहीत शिरेतून लोह देता येतं. पण गोळी आपली आपण कमी करू नका, त्यांना सांगून बदला.

आज्जीचा_बटवा

आयुर्वेदात पांडुरोगाचा एक प्रकार माती खाण्याने होणाराच सांगितलाय, मृद्भक्षणजन्य पांडु. म्हणजे आपल्याकडे माती आणि फिकटपणाचं नातं फार आधी ओळखलेलं होतं. फक्त तिथे माती आधी आणि रोग नंतर, डॉक्टर सांगतायत ते उलट वाटतंय. बाकी लोहासाठी बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे द्या, गोळ्यांनी पोट बिघडतं.

सूक्ष्मदर्शक

बटवाताई, दोन्ही दिशा खऱ्या आहेत. लोह संपलं की माती खावीशी वाटते, आणि माती खाल्ली की लोह आणखी घटतं, शिवाय कच्च्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. नक्की कुठून सुरुवात झाली हे एकेका रुग्णात सांगणं अवघड असतं, पण लोह भरून दिल्यावर तलफ जाते हे इतक्यांदा दिसतं की पहिली दिशा नाकारता येत नाही.

बीटाचा रंग लाल आहे म्हणून लोक त्याच्यावर फार विसंबतात, १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. अळीव, हरभरा, पालेभाज्या, मांसाहार करत असाल तर मटण-कलेजी हे चांगलं, पोह्यावर लिंबू पिळणं चांगलं. पण साठा पार रिकामा झाल्यावर तो नुसत्या जेवणातून भरायचा म्हणजे महिनोन्महिने लागतात आणि दर पाळीला तेवढं पुन्हा जातं. (गर्भवतींना कलेजी देताना डॉक्टरांना विचारा, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.)

फिरकी

माझा एक प्रश्न. मी कॉलेजपासून बर्फ चावतो, कोल्ड्रिंक संपलं की ग्लासातला बर्फ माझा. हा धागा वाचून फेरिटिन केलं, ९४ आलं, अंगात सूज आहे का ते दाखवणारा सीआरपी पण केला तो नॉर्मल. म्हणजे माझं काय? सगळ्यांना लोहाचं लेबल लावणं बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शक

बरोबर नाही. पुष्कळ लोकांना कुरकुरीत आवडतं, तोंड कोरडं पडणारी औषधं घेणारे बर्फ चघळतात, काहींना ताणात दाताखाली काहीतरी लागतं. ग्लासातला उरलेला बर्फ खाणं वेगळं आणि रात्री झोपेतून उठून फ्रीजपाशी जाणं वेगळं. निशिगंधाताईंच्या बहिणीचं वर्णन वाचून मला फेरिटिन करावंसं वाटलं ते या दुसऱ्या प्रकारामुळे, थांबवता येत नाही, ऋतू बदलला तरी जात नाही, अलीकडेच सुरू झालंय. तुमचं ९४ आहे तर लोह घेऊ नका.

का होतं याचं पक्कं उत्तर अजून नाही. २०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, लोह कमी असलेल्यांना बर्फ चावायला देऊन लक्ष आणि प्रतिसादाच्या वेगाची चाचणी घेतली, त्यांचं सुधारलं, निरोगी लोकांमध्ये फरक पडला नाही. करणाऱ्यांचा तर्क असा की गारव्याने मेंदूकडे रक्त जास्त जातं आणि थकलेल्या माणसाला क्षणभर तरतरी येते. चहाच्या घोटासारखं. लहान प्रयोग होता, आणि खडू किंवा माती गार नसते तर त्यांचं काय याचं उत्तर त्यात नाही.

जांभादगड

मग वासाचं काय? बहिणीला डस्टरचा वास आवडतो म्हणाल्यात. आमच्या काकूला पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की ती अंगणात जाऊन उभी राहायची.

सूक्ष्मदर्शक

हो, नुसत्या वासाची तलफही लोहाच्या कमतरतेत नोंदलेली आहे, ओली माती, सिमेंट, फिनाइल, रबर, पेट्रोल. पहिल्या पावसाचा वास तर सगळ्यांनाच आवडतो त्यामुळे काकूंचं सांगता येणार नाही. पण एखाद्याने आजकाल फिनाइलचा वास हुंगावासा वाटतो म्हटलं तर मी सीबीसी आणि फेरिटिन लिहून देईन.

वाटसरू_ठाणे

चांगली माहिती. मी पुरुष, वय ५३, ठाणे. मलाही दोन-तीन महिन्यांपासून बर्फ लागतो, ऑफिसच्या पँट्रीत बर्फाची मशीन आहे तिथे दिवसातून चार चकरा होतात. दम पण लागतो जिना चढताना पण वजन वाढलंय म्हणून असेल. तर मग डॉक्टर मी सरळ मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणू का? कुठल्या चांगल्या?

सूक्ष्मदर्शक

वाटसरूसाहेब, नाही, असं करू नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला पाळी नाही. पुरुषाच्या शरीरातून लोह सहजासहजी बाहेर जात नाही, गेलंच तर बहुतेक वेळा कुठूनतरी रक्त जातंय म्हणून, आणि पन्नाशीनंतर ते पोट किंवा मोठं आतडं असू शकतं. मूळव्याध असेल, वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण असेल, पॉलिप असेल किंवा कॅन्सर असेल. गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन सावरलं की तलफ जाईल, दम जाईल, आणि रक्त जाणं मात्र आत चालूच राहील. या आठवड्यातच सीबीसी आणि फेरिटिन करा, आणि कमी आलं तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, दुर्बिणीतून वरून आणि खालून दोन्ही बघावं लागेल. गुडघेदुखीसाठी वगैरे काही घेता का?

वाटसरू_ठाणे

पाठ दुखते म्हणून वर्षभर एक पेनकिलर घेतोय जवळजवळ रोज. रक्त तर कधी दिसलं नाही. आणि हो, मी वर्षातून तीनदा रक्तदान करतो, तिथे दरवेळी हिमोग्लोबिन बघतात की, पास होतो म्हणूनच घेतात.

सूक्ष्मदर्शक

रक्तदानात १२.५ आहे का एवढंच बघतात, साठा बघत नाहीत. दर पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं, वारंवार देणाऱ्यांचा साठा रिकामा होतो आणि त्यांच्यातही बर्फाची तलफ आढळते. तेव्हा तुमच्यात रक्तदान हे कारण असू शकतं, पेनकिलरही असू शकतं, दोन्हीही असतील. पण रक्तदानावर बोट ठेवून दुर्बीण टाळू नका. आतड्यातून थोडं थोडं जाणारं रक्त डोळ्यांना दिसत नाही. रक्तदान सध्या थांबवा, आणि पेनकिलरबद्दल डॉक्टरांशी बोला.

चिमुकली_आई

अवांतर होईल पण विचारते, माझा मुलगा अडीच वर्षांचा, भिंतीचे पोपडे काढून खातो, वाडा जुना आहे आमचा साताऱ्यात. जंताचं औषध दिलं, फरक नाही. दूध भरपूर पितो, लिटरभर तरी, जेवत नाही फारसा.

सूक्ष्मदर्शक

अवांतर नाही. लिटरभर दूध हेच मोठं कारण असू शकतं, गाईच्या दुधात लोह जवळजवळ नाही आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा. बालरोगतज्ज्ञांना सीबीसी आणि फेरिटिन सांगा, आणि जुन्या वाड्यातला जुना ऑइलपेंट म्हणजे शिसं असण्याची शक्यता, म्हणून रक्तातलं शिसंही मोजायला सांगा. लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं. तोपर्यंत पोपडे निघणाऱ्या भिंतीपासून त्याचा पलंग लांब करा, खरवडू मात्र नका, धूळ उडते.

निशिगंधा_क

फेरिटिनचा रिपोर्ट आला, पण माझा गोंधळ झालाय. ७.९ आलंय आणि रिपोर्टवर ते ठळक नाहीच, समोर नॉर्मल रेंज ४.६ ते २०४ लिहिलीय. बहीण म्हणते बघ नॉर्मल आहे, उगाच खर्च केलास.

सूक्ष्मदर्शक

ती रेंज किटबरोबर येते, आणि अनेक लॅब तीच छापतात. ज्या "निरोगी" बायकांचं रक्त घेऊन अशा रेंज ठरवल्या जातात त्यांतल्या कित्येकींचा साठा स्वतःचाच रिकामा असतो, म्हणून खालची रेघ इतकी खाली जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांत १५ च्या खाली कमतरता धरते, आणि बरेच रक्तविकारतज्ज्ञ ३० च्या खाली असेल तरच आश्वस्त होत नाहीत. ७.९ म्हणजे साठा संपलेला आहे. फेरिटिन इतकं कमी यायला लोह संपण्याशिवाय दुसरं कारण जवळपास नसतंच. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडूनही सोनोग्राफी करून घ्या, कारण लोह भरलं तरी पाळीतून जाणं थांबलं नाही तर वर्षभरात पुन्हा इथेच याल.

फिरकी

आश्वस्त होत नाहीत म्हणजे ३० च्या वर असेल तर होतात असंच ना? वाक्य जरा उलटं झालंय.

सूक्ष्मदर्शक

हो, ३० च्या वर असेल तर. १५ ते ३० मधल्यांना गोळी द्यायची की नाही यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, तक्रारी असतील तर मी देण्याच्या बाजूचा.

निशिगंधा_क

महिन्याभराने अपडेट देतेय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फेरस अ‍ॅस्कॉर्बेट १०० मिलिग्रॅम दिली, एक दिवसाआड. मी विचारलं रोज का नाही, तर म्हणाले एक गोळी घेतली की शरीर साधारण दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं, दुसऱ्या दिवशीची कमी शोषली जाते आणि पोट मात्र बिघडतं. शौचाला काळं होतं म्हणून ती घाबरली होती, ते गोळीमुळेच आहे म्हणाले. आणि बर्फ! पहिल्या आठवड्यातच तिचा फोन आला की काल ट्रे भरलेला राहिला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. हिमोग्लोबिन तेव्हा फारसं वाढलेलंही नव्हतं. फ्रीजमध्ये आता वाटाणे ठेवलेत तिने त्या जागी. डस्टरचा वास मात्र अजून थोडा आवडतो म्हणाली.

आता ती विचारतेय तलफ गेली, गोळ्या बंद करू का?

सूक्ष्मदर्शक

अजिबात नाही. तलफ सगळ्यात आधी जाते, साठा सगळ्यात शेवटी भरतो. हिमोग्लोबिन सावरल्यानंतरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवतात, मग फेरिटिन पुन्हा. आणि तलफ परत आली तर तारीख बघून ठेवायला सांगा, काही जणींना रक्त पुन्हा कमी होतंय हे रिपोर्टच्या आधी बर्फावरून कळतं. सोनोग्राफीचं काय झालं?

निशिगंधा_क

फायब्रॉइड निघाला, चार सेंटीमीटरचा, गर्भाशयाच्या आतल्या बाजूला. एक डॉक्टर म्हणतायत दुर्बिणीने काढू, दुसऱ्या म्हणतायत आधी पाळीतलं रक्त कमी करणाऱ्या गोळ्या देऊन बघू. बहिणीला ऑपरेशन नकोय. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी अनुभव लिहा प्लीज, यासाठी वेगळा धागा काढू का?

मृण्मयी७

निशिगंधा, माझ्या मावसबहिणीचं दुर्बिणीने काढलंय, व्यनि करते. डॉक्टर, माझं फेरिटिन ६ आलं, शिरेतून लोह सुरू केलंय इथे, शिशाचा रिपोर्ट यायचाय. नवऱ्याला सांगितलं. पुडे त्यानेच फेकले, मी एक मागे ठेवलाय, तो आता फक्त उघडून वास घेते.

वाटसरू_ठाणे

हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ४. गुरुवारी एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही आहे. पेनकिलर बंद केली. बुधवारी दिवसभर नुसतं पातळ आणि ते औषध प्यायचं आहे, कुणी प्यायलं असेल तर सांगा, साफ व्हायला किती वाजल्यापासून सुरू करावं?

सूक्ष्मदर्शक

त्यांनी दिलेल्या कागदावरचीच वेळ पाळा, सेंटरप्रमाणे बदलते, बहुतेक ठिकाणी आता अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे देतात. लोहाची गोळी कुणी सुरू करून दिली असेल तर आधी सांगा, आतडं काळं दिसतं आणि नीट बघता येत नाही, म्हणून ती काही दिवस आधी थांबवतात.